बार्ली, जव आणि आमच्या कुकरचा तीन रविवारचा घोळ

बाबांची शुगर बॉर्डरवर आली आणि डाएटिशियन बाईंनी सांगितलं की रात्री भाताऐवजी आठवड्यातून दोनतीनदा जव खा, सालीसकटचे मिळाले तर बघा. "सालीसकट" हा एकच शब्द मी डोक्यात घेऊन घरी आले आणि पुढचा सगळा घोळ त्याच शब्दाने घातला.

रविवारी मंडईत गेले होते, तिथे एका दुकानात पिवळसर, गवताच्या काडीसारखा रंग असलेले जव दिसले, म्हटलं हेच सालीसकट, किलोभर घेतले. रात्रभर भिजवले, सकाळी कुकरला ६ शिट्ट्या, वर जिरं-हिंगाची फोडणी, दिसायला झकास. बाबांनी पहिला घास घेतला आणि ठसका. दाणा आतून मऊ, पण वरती कागदासारखं टरफल, ते काही चावलं जाईना, घशात टोचत होतं. आई म्हणाली, "अगं हे होमाचे जव आहेत, हे कोण खातं?" मी म्हटलं साल सोलून टाकू, चोळले, पाखडले, काही नाही. गव्हाचं टरफल मळणीत सुटून येतं, पण जवाचं टरफल दाण्याला डिंकाने चिकटवल्यासारखं घट्ट बसलेलं असतं, ते मशीनवर घासूनच निघतं, घरच्या सुपाचं ते काम नाही. डबाभर शिजलेले जव टाकून दिले, जीव हळहळला.

पुढच्या रविवारी भुसार मालाच्या दुकानात गेले आणि यावेळी तोंडानेच विचारलं. काका म्हणाले, "पूजेला का खायला?" खायला म्हटल्यावर त्यांनी दोन पोती दाखवली आणि दोन्हीतली मूठमूठ कागदावर ओतली. एक पांढरी, गोलसर, मोत्यासारखी, ती पर्ल बार्ली, आपल्याकडे नुसतं "बार्ली" म्हटलं की हीच मिळते. दुसरी तपकिरी, जरा लांबट, टोकाला निमुळती, तिचं फक्त वरचं टरफल काढलेलं, आतला कोंडा तसाच, ही हल्ड. म्हणजे डाएटिशियन बाईंना म्हणायचं होतं कोंड्यासकट, आणि मी आणलं होतं टरफलासकट! पर्ल ओळखायची अजून एक खूण काकांनी दाखवली, सगळा दाणा पांढरा पण मधल्या घडीत एक बारीक तपकिरी रेघ राहते, कारण पॉलिश करताना तिथपर्यंत घासणारा दगड पोचत नाही. दोन्ही अर्धा अर्धा किलो घेतली.

आता फायबर. मला वाटलं होतं पांढरी म्हणजे पांढऱ्या तांदळासारखी, सगळं गेलेलं. तसं नाहीये, आणि माझ्यासाठी या सगळ्यात हीच सगळ्यात कामाची गोष्ट निघाली. १०० ग्रॅम कच्च्या हल्ड बार्लीत साधारण १७ ग्रॅम फायबर आणि पर्लमध्ये साधारण १५-१६. फरक आहे पण एवढाच. तांदळाचं जवळजवळ सगळं फायबर वरच्या कोंड्यात असतं म्हणून पॉलिश केला की संपलं, पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला एक-दीड ग्रॅम उरतं. बार्लीत बीटा-ग्लुकन नावाचं जे विरघळणारं, चिकट फायबर आहे ते दाण्याच्या आतल्या पांढऱ्या भागातही पसरलेलं असतं, त्यामुळे वरून घासलं तरी बरंच आत राहतं. जेवणानंतर साखर हळूहळू चढावी यासाठी मुख्य काम हेच चिकट फायबर करतं. पॉलिशमध्ये जातं ते मुख्यतः कोंड्यातलं न विरघळणारं, पोट साफ ठेवणारं फायबर, आणि कोंड्याबरोबर थोडी जीवनसत्त्वं-खनिजं. आमच्याकडे एका माणसाला साधारण ४० ग्रॅम कच्ची बार्ली लागते, त्यात हल्डचं ७ ग्रॅमच्या आसपास आणि पर्लचं ६ पडतं, तेवढ्याच पांढऱ्या तांदळाचं अर्धा ग्रॅम. हे कळल्यावर पर्लकडे बघायची माझी नजरच बदलली.

खरा फरक आहे तो वेळेत. मी दोन्ही एकाच दिवशी लावून बघितल्या, वाटीला तीन वाट्या पाणी, आधी नुसत्या पातेल्यात झाकण ठेवून. न भिजवलेली पर्ल अर्ध्या तासात तयार. न भिजवलेली हल्ड एक तास झाला तरी दाताखाली कचकच, तासाच्या वर १० मिनिटांनी खाण्यासारखी झाली आणि मध्ये दोनदा गरम पाणी घालावं लागलं, गॅस उगाच जळला. रात्री भिजवलेली हल्ड मात्र ४०-४५ मिनिटांत झाली. कोंड्याच्या थरातून पाणी आत जायला वेळ लागतो, तो वेळ एकतर रात्री बिनगॅसचा द्या नाहीतर सकाळी गॅसवर. झाली का ते बघायला एक दाणा काढून सुरीने मधोमध कापायचा, आत खडूसारखा पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून १० मिनिटं. वरून मऊ लागतो म्हणून फसायचं नाही, मी फसले होते.

कुकरमध्ये शिट्ट्या मोजण्यापेक्षा एक शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून मिनिटं मोजलेली बरी, भिजवलेल्या हल्डला २०, न भिजवलेलीला ३०, पर्लला १२ ते १५, आणि मग वाफ आपोआप जाऊ द्यायची. बार्लीला फेस फार येतो, पहिल्यांदा शिट्टीतून चिकट पाणी उडून ओट्यावर, टाइल्सवर, सगळीकडे! आता चमचाभर तेल घालते आणि कुकर अर्ध्याच्या वर भरत नाही.

पर्ल भिजवू नका, निदान रात्रभर तरी. मी अतिहुशारीने तीही रात्रभर भिजवून कुकरला लावली, खिचडीच्या जागी खळ तयार झाली, पोस्टर चिकटवता आलं असतं. आणि उन्हाळ्यात हल्ड ओट्यावर रात्रभर ठेवली तर सकाळी आंबूस वास येतो, एप्रिलमध्ये मी भांडं फ्रिजमध्येच ठेवते.

मग आता असं चाललंय की ऑफिसच्या दिवशी पर्ल, मूगडाळ घालून खिचडी किंवा भाजी घालून सूप. हल्ड शनिवारी रात्री भिजत घालते आणि रविवारी एकदम दोन वाट्या शिजवून ठेवते, ती सुटी सुटी राहते म्हणून काकडी, दाण्याचं कूट, लिंबू घालून कोशिंबिरीसारखी छान लागते. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते, गार झाली की घट्ट होते, थोडं पाणी शिंपडून गरम करायची. (ज्यांना गव्हाचं ग्लुटेन चालत नाही त्यांनी दोन्हीच्या वाटेला जाऊ नये, जवातही ते असतंच. माझ्या मावशीला कौतुकाने डबा द्यायला निघाले होते, आईने वेळेवर अडवलं.)

मंडईतल्या किलोपैकी पाऊण किलो तसेच पडून होते. नवरात्रात आईने त्यातलेच घटाच्या मातीत पेरले आणि मी बाजूला एका वाटीत गंमत म्हणून चिमूटभर पर्लही पेरली. टरफलवाल्यांना चौथ्या दिवशी बोटभर हिरवे कोंब, पर्लमध्ये काही नाही, पॉलिशमध्ये तिचा अंकुरच घासला गेलेला. बाबा वाटी बघून म्हणाले, "घशात टोचले ते हेच ना? उगवले बघ कसे."