जातं कुठं जात नाही, पण इंग्रजीत न्यायचं कसं?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून इकडे आलेल्या मराठी माणसाला कानडी पाट्यांचा धक्का बसतो. तो अपेक्षितच असतो, त्यावर तिकडे पुष्कळ लिहून झालंय. अनपेक्षित धक्का वेगळाच आहे. बेळगावात मराठी कोडं इंग्रजीत सांगायची पाळी येते, आणि तीही परदेशातल्या कुणासाठी नव्हे, शेजारच्या घरातल्या पोरासाठी. शहापूर-वडगावच्या गल्लीत एक घर मराठी बोलतं, दुसरं कानडी. पोरं एकत्र खेळतात, आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असली की कोडी घालायला तीच भाषा मधे येते. तिकडच्या मंडळींना यात मराठीची हार वगैरे दिसेल. दिसू दे. पुण्यात रिक्षावाल्याशी आपण कुठल्या भाषेत सुरुवात करतो, ते आठवून मग बोलू.

साधं कोडं असलं तर अडचण येत नाही. बत्तीस चिऱ्यांत फिरणारी नागीण कुठल्याही भाषेत जीभच राहते, कारण तिथे चित्र आहे आणि चित्राला भाषांतराचा त्रास होत नाही. पेच पडतो तो शब्दावर उभ्या असलेल्या कोड्यात. हे पाहा:

सगळे म्हणतात जातं,
पण कुठं जात नाही;
मूठ मूठ खातं,
पण गिळत काही नाही.

उत्तर जातं, दळायचं. तुम्हाला ते पहिल्याच ओळीत कळलं असेल, कारण उत्तर पहिल्याच ओळीत दिलेलं आहे. गंमत हीच. उत्तर डोळ्यांसमोर ठेवलंय आणि तरी ऐकणारा आधी गाडी, नदी, रस्ता असं काहीबाही सांगून येतो. ‘जातं’ हे क्रियापद आपल्या तोंडात इतकं रुळलंय की त्यामागे एकावर एक दोन दगडांची वस्तू बसली असेल अशी शंकाच येत नाही. त्यातून ‘म्हणतात’ हाही दुहेरी शब्द: ‘जातं, असं सांगतात’ आणि ‘त्याला जातं असं नाव आहे’ हे दोन्ही अर्थ तो एकटा पेलतो. कोड्याचा सांधा तिथे आहे, ‘जातं’मध्ये नाही. भाषांतर करणारे बहुतेक ‘जातं’शी झटापट करत बसतात आणि ‘म्हणतात’कडे बघतही नाहीत.

तिकडून हे कोडं छापायला घेणाऱ्यांना एक विनंती, अनुस्वार काढून ‘जाते’ करू नका. लिखाणात वस्तू ‘जाते’ आहे हे मान्य. पण ‘सगळे म्हणतात जाते’ वाचलं की डोळ्यांपुढे कुणीतरी बाई निघालेली दिसते. आमच्याकडे तर तेही दिसत नाही, कारण बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी जातो’च म्हणतात, आणि ती चूक नाही, बोली आहे. नपुंसकलिंगी ‘ते जातं’ आणि ‘हे जातं’ हेच एकमेकांवर नेमके बसतात, बोलण्यात. कोडं हे बोलण्यातलंच. शिवाय दोन्ही शब्दांचं मूळही वेगळं आहे: वस्तूचं नाव यंत्र या शब्दापासून घासत घासत आलंय, क्रियापद ‘या’ धातूपासून. इतक्या लांबून येऊन ते एकाच उच्चारावर भेटले हा योगायोग आहे, आणि योगायोगाचं भाषांतर होत नाही. दुसऱ्या भाषेत दुसरा योगायोग शोधावा लागतो.

आधी सरळ भाषांतर करून बघू. ‘एव्हरीवन सेज इट गोज, बट इट गोज नोव्हेअर, इट ईट्स बाय द फिस्टफुल, बट स्वॉलोज नथिंग.’ वाक्यं निर्दोष आहेत आणि कोडं मेलेलं आहे. ते मेल्याची खूण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसते. उत्तर ऐकल्यावर जिवंत कोड्याचा श्रोता मागे वळतो, प्रश्न मनात पुन्हा म्हणतो आणि कपाळावर हात मारतो. मेलेल्या कोड्याचा श्रोता ‘अच्छा’ म्हणतो आणि पुढचं कोडं मागतो. इथे तो ‘अच्छा’च म्हणणार, कारण ‘एव्हरीवन सेज इट गोज’ हे वाक्य कशासाठी होतं तेच त्याला उत्तरानंतरही कळत नाही. कुणीही जात्याला ‘गोज’ म्हणत नाही.

मग हात कंसाकडे जातो. ही खोड मला असह्य आहे, म्हणून जरा लांबण लावतो. प्रश्नाच्या ओळीतच कंस घालून ‘मराठीत या शब्दाचे दोन अर्थ होतात’ असं सांगणारे लोक आहेत, आणि ते स्वतःला प्रामाणिक समजतात. अहो, दोन अर्थ होतात हेच तर लपवायचं होतं! दुसरे त्याहून सावध. ते प्रश्नाआधी परिच्छेदभर प्रस्तावना लिहितात: जातं म्हणजे काय, वरचा दगड, खुंटा, पहाटेचं दळण, ओव्या. एवढं वाचून झाल्यावर कोडं विचारायचं उरतंच काय? तिसरे उत्तरानंतर खुलासा देतात. जागा बरोबर पकडली, पण मग थांबत नाहीत. एका वाक्यात आटोपतं: हाताने फिरवायच्या दगडी जात्याचं नाव आणि ‘ते जातं’ हे क्रियापद मराठीत सारखंच ऐकू येतं. दुसरं वाक्य लिहिलं की तो तास होतो, आणि तासाला कुणी हसत नाही.

आता विनोद ठेवायचा म्हटलं तर इंग्रजीत तीन वाटा निघतात, आणि तिन्हींत काहीतरी सांडतं.

पहिली वाट ‘गोइंग’ची. यंत्र चालू आहे याला इंग्रजीत ‘इट्स गोइंग’ म्हणतात. म्हणून: ‘इट्स बीन गोइंग सिन्स डॉन, अँड इट हॅजन्ट गॉन एनीव्हेअर.’ सहज बोलण्यातलं वाक्य, लपवणही चांगली. पण उत्तर म्हणून घड्याळ चालतं, पंखा चालतो, गिरणी चालते. मुठीने खाणारी ओळ पुढे जोडली की पंखा आणि घड्याळ गळतात, गिरणी मात्र हटत नाही. वस्तूचं नाव प्रश्नात नसल्यामुळे पकड सैल पडते.

दुसरी वाट ‘मिल’ची. इंग्रजीत ‘मिल’ म्हणजे जातं, गिरणी, दळणं. आणि ‘मिल अबाउट’ म्हणजे घोळक्याने इकडेतिकडे रेंगाळणं. ‘शी मिल्स ऑल मॉर्निंग, बट नेव्हर मिल्स अबाउट.’ मराठीसारखं नाव प्रश्नातच आलं, हालचालीचा अर्थही आला. कागदावर हेच सर्वांत जवळचं. तोंडी घातलं की मात्र पडतं. ‘मिल’ हे क्रियापद रोजच्या तोंडातलं नाही. ते ऐकलं की कान टवकारतात आणि उत्तर लगेच हाती येतं. ‘जातं’ गर्दीत लपतं, ‘मिल’ मोकळ्या माळावर उभं राहतं.

तिसरी वाट दगडाच्या नावांची, आणि ती मला जास्त पटते. दळणाच्या चक्कीच्या वरच्या, फिरत्या दगडाला इंग्रजीत ‘रनर’ म्हणतात आणि खालच्या, न हलणाऱ्याला ‘बेडस्टोन’. पळणारा आणि अंथरूण, हे त्यांच्याच कारागिरांनी ठेवलेलं. मग कोडं असं बसतं:

माय रनर नेव्हर लीव्ह्ज हर बेड,
अँड आय स्टे एम्प्टी, हाउएव्हर फेड.

आपली दोन्ही कडवी त्यात आली: जाऊनही न जाणं पहिल्या ओळीत, खाऊनही न गिळणं दुसरीत. यमकही आलं. ‘रनर’ रोजचा शब्द आहे, त्यामुळे लपवण टिकते. किंमत अशी की उत्तरानंतर एक वाक्य लागतंच, कारण दगडांची ही नावं आजच्या इंग्रज पोरालाही ठाऊक नसतात. शिवाय ‘क्वर्न’ हे जात्याचं नेमकं नाव देऊ नका, त्याचाच अर्थ सांगावा लागेल. ‘हँड मिल’ पुरे.

म्हणजे विनोद ठेवायचा की खुलासा करायचा, हे कोड्यावर नाही, ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे त्यावर ठरतं. लंडनच्या भाच्याला जातं माहीत नाही आणि ‘जातं’ही माहीत नाही. त्याला ‘रनर’ द्या आणि उत्तरामागे ते एक वाक्य. लोकसाहित्याच्या संग्रहासाठी मात्र उलटं करा: मूळ मराठी ओळी, खाली शब्दाला शब्द, उत्तर, आणि मग टीप. तिथे कुणी हसायला आलेलं नसतं, तिथे विनोद कसा जुळवलाय ते दिसलं पाहिजे.

आणि बेळगावच्या कानडी पोराला? त्याच्या आजीकडे बीसुकल्लू असतो, म्हणजे जातंच, वस्तू ओळखीची. बाजारात, बसमध्ये ‘गाडी जातंय काय’ त्याच्या कानावर रोज पडतं. त्याच्यासाठी बाकी सगळं इंग्रजी करा आणि एकच शब्द तसाच सोडा: ‘एव्हरीवन कॉल्स इट जातं, बट इट नेव्हर गोज.’ हे ना मराठी ना इंग्रजी, पण इथल्या गल्लीत हे सर्वांत जास्त हसू आणतं. आमची भाषा भेसळीची म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे कोडं शुद्ध ठेवून त्याच गल्लीत घालून दाखवावं.

एक थर मी जाणूनबुजून बाजूला ठेवला होता. दुसऱ्या ओळीतला ‘कुठं’ काढून बघा: ‘सगळे म्हणतात जातं, पण जात नाही.’ आता तो दगड सांगतोय की त्याला जात नाही, आणि खरंच, सगळ्या जातींच्या घरांत तो होता. मोठ्यांच्या बैठकीत ‘कुठं’ गाळावा, पोरांत ठेवावा. इंग्रजीत हा अर्थ कुठल्याच वाटेने जात नाही. ‘कास्ट’ आणि ‘गो’ यांची गाठ पडायला तिकडे जागाच नाही. संग्रहाच्या टिपेत द्या, नाहीतर सोडा. कोड्यात कोंबू नका.

आणि गल्लीतल्या पोरासाठी इंग्रजीचा वळसाही टाळता येतो. कानडीत ‘बीसु’ म्हणजे दळणं, आणि वारा वाहणं तेही ‘बीसु’. बीसुकल्लू म्हणजे सरळ वाहणारा दगड! ‘बीसुत्तदे, आदरे गाळी इल्ल’: वाहतं, पण वारा नाही. आपलं कोडं यात उरलेलं नाही, उत्तर मात्र तेच राहिलंय, आणि टीप शून्य.