फ्लॅगला तारीख हवी

पूर्वी घरातल्या बायका एखादी गोष्ट विसरू नये म्हणून पदराला गाठ मारीत, आणि संध्याकाळी ती गाठ हाताला लागली की ती नेमकी कशासाठी मारली होती, हे आठवीत बसत. आउटलुकमध्ये मेलवर लावला जाणारा छोटा लाल फ्लॅग मला त्याच जातकुळीतला वाटतो. या मेलचे काहीतरी करायचे आहे, एवढेच तो सांगतो. काय करायचे, कोणत्या दिवशी करायचे आणि त्याआधी कोणाला विचारायचे, हे सारे फ्लॅग लावणाऱ्याच्या डोक्यातच राहते. दिवसाला पन्नास-साठ मेल येणाऱ्या माणसाने डोक्यावर इतका भरवसा ठेवू नये, असे माझे मत आहे.

मायक्रोसॉफ्टच्या टू डू या ॲपमध्ये यावर बऱ्यापैकी सोय आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये Flagged email ही यादी सुरू केली, की आउटलुकमध्ये फ्लॅग केलेला प्रत्येक मेल त्या यादीत काम म्हणून येऊन बसतो. मेलचा विषय हेच कामाचे नाव होते, आणि ते काम उघडले की मूळ मेलवर नेणारा दुवा तिथेच मिळतो. काम पूर्ण झाल्याची खूण केली की आउटलुकमधला फ्लॅगही पूर्ण झाल्याचे दिसते, त्यामुळे एकच गोष्ट दोन ठिकाणी मिटवावी लागत नाही. इथपर्यंत सगळे आपोआप होते आणि नेमकी इथेच फसगत होते, कारण यादी तयार झाली म्हणजे व्यवस्था झाली, असे वाटू लागते. प्रत्यक्षात इनबॉक्समधला गोंधळ फक्त दुसऱ्या खोलीत हलवलेला असतो.

नोकरदारांच्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. जुन्या करप्रणालीत राहिलेल्या कर्मचाऱ्यांना जानेवारीत कंपनीकडून गुंतवणुकीचे पुरावे मागणारा मेल येतो. समजा, तो मंगळवारी ६ जानेवारीला आला, पुरावे पोर्टलवर चढवण्याची शेवटची तारीख शुक्रवार १६ जानेवारी आहे, आणि मेलचा विषय आहे ‘FW: Reminder: Investment Proofs’. तो फ्लॅग केला की टू डूमध्ये याच नावाचे काम दिसू लागते. हे नाव पाठवणाऱ्याच्या सोयीचे आहे, करणाऱ्याच्या नाही. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे नाव बदलायचे: ‘भाड्याच्या पावत्या आणि विम्याच्या पावत्या पोर्टलवर चढवणे, अखेरची तारीख १६’. टू डूमध्ये नाव बदलल्याने मूळ मेलच्या विषयाला धक्का लागत नाही, तेव्हा पुढे मेल शोधताना अडचण येत नाही.

आता तारीख. हात सहज १६ कडे जातो, पण १६ ही कंपनीची तारीख आहे. आपली तारीख म्हणजे आपण कामाला बसणार तो दिवस. १४ ला संक्रांत, आणि अखेरच्या दोन दिवसांत पोर्टल रडतखडत चालणार हे सर्वांनाच ठाऊक, म्हणून या कामाला मंगळवार १३ ही तारीख द्यावी. तरीही प्रश्न सुटत नाही, कारण १३ ला कामाला बसल्यावर लक्षात येईल की वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असल्याने घरमालक काकांचा पॅन लागतो, आणि तो आपल्याकडे नाही. महिना १८ हजार भाडे म्हणजे वर्षाचे २ लाख १६ हजार झाले; पॅनवाचून घरभाडे भत्त्याची सवलत पुढे सरकत नाही.

म्हणजे हा मेल एक असला तरी त्यात दडलेली कामे तीन-चार आहेत आणि त्यांचे दिवस वेगवेगळे आहेत. टू डूमध्ये एका कामाच्या पोटात छोट्या पायऱ्या लिहिता येतात, पण त्या पायऱ्यांना स्वतःची तारीख देता येत नाही. त्यामुळे पायऱ्यांच्या भरवशावर राहिलेला माणूस सगळ्या पायऱ्या १३ तारखेलाच पाहतो. त्यापेक्षा फ्लॅगमधून आलेले काम शेवटच्या कृतीसाठी ठेवावे आणि बाकीची कामे वेगळी लिहावीत: ‘काकांना पॅनसाठी मेसेज करणे’ आज, ‘काकांचे उत्तर आले का पाहणे’ शुक्रवारी ९ ला, ‘विम्याची पावती साइटवरून उतरवणे’ शनिवारी, आणि ‘पावत्यांवर काकांची सही घेणे’ रविवारी, कारण ते त्या दिवशी घरी सापडतात. यांतले ९ तारखेचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. आपण विचारले म्हणजे आपली जबाबदारी संपली, या समजुतीत कितीतरी कामे अडकून पडतात, आणि दुसऱ्याकडे गेलेल्या कामाची आठवण ठेवणे हे मेंदूला सर्वांत अवघड जाते. पुरावे वेळेत गेले नाहीत तर वाढीव कर फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून कापला जातो, आणि तो परत मिळायला विवरणपत्र भरेपर्यंत थांबावे लागते. एका ओळीच्या नोंदीने हे टळत असेल तर ती नोंद करायला हरकत नसावी.

तारीख दिली की काम Planned या यादीत दिसू लागते आणि दिवसागणिक मांडले जाते. मात्र टू डूमध्ये देय तारीख आणि स्मरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. देय तारखेला वेळ नसते, ती फोन वाजवीत नाही. ठरावीक वेळी घंटी हवी असेल तर स्मरण वेगळे लावावे लागते. काकांना मेसेज करायचा तो ते संध्याकाळी फिरून येतात तेव्हा, म्हणून त्या कामाला साडेसातचे स्मरण. बाकीच्यांना नुसती तारीख पुरे. सगळ्यांनाच घंटी लावणाऱ्या माणसाला तिसऱ्या दिवसापासून एकही घंटी ऐकू येत नाही.

डेस्कटॉपवरच्या जुन्या आउटलुकमध्ये एक छुपी खोडही आहे. तिथे फ्लॅगच्या खुणेवर नुसते क्लिक केले की मेलला आपोआप आजची तारीख लागते. दिवसभरात डझनभर मेल असे फ्लॅग झाले तर ती सारी कामे आजची ठरतात, आणि उद्या सकाळी त्यांच्या तारखा लाल होऊन बसतात. एक-दोन लाल तारखा डोळ्यात भरतात, पण वीस लाल तारखा असल्या की त्यांतली खरी निकडीची कोणती हे कळत नाही, आणि डोळे त्या यादीला सरावतात. यादीवरचा विश्वास उडतो तो असा. फ्लॅगच्या खुणेवर राइट क्लिक करून Set Quick Click निवडावे आणि तिथे No Date ठेवावे. मग तारीख आपण विचार करून देऊ तेव्हाच लागते, आणि तारीख नसलेला मेल म्हणजे अजून ज्याचा निर्णय घेतला नाही असा मेल, हे यादीकडे पाहताच कळते.

असा निर्णय घेण्यासाठी मी संध्याकाळी संगणक बंद करण्यापूर्वीची काही मिनिटे राखून ठेवतो. Flagged email उघडायची, वरून खाली जायचे, नाव बदलायचे, दिवस ठरवायचा. ज्याला कोणताच दिवस द्यावासा वाटत नाही, त्याचा फ्लॅग काढून टाकायचा. तो मेल ‘कधीतरी सवडीने वाचू’ म्हणून ठेवलेला असतो आणि ती सवड येत नाही, हे आपल्याला मनातून ठाऊक असते.

एक खबरदारी मात्र सुरुवातीलाच घ्यावी. विभागाच्या सामायिक मेलबॉक्समध्ये लावलेले फ्लॅग टू डूमध्ये येत नाहीत, आणि आउटलुकमध्ये जोडलेल्या जीमेलच्या खात्यातलेही येत नाहीत. आपण फ्लॅग करत राहतो, यादी नीटनेटकी दिसत राहते, आणि निम्मी कामे तिच्याबाहेरच असतात. प्रत्येक खात्यातला एकेक मेल फ्लॅग करून तो यादीत उतरतो का, हे पाहिले की उलगडा होतो. जो उतरत नाही, तो मेल आपल्या कार्यालयीन पत्त्यावर पुढे पाठवावा आणि तिथे फ्लॅग करावा. जीमेलच्याच वेबवर काम करणाऱ्यांनी तिथली Add to Tasks ही सोय वापरावी, पण तारीख तिथेही आपल्यालाच द्यावी लागते, आणि मेलवरचा तारा हा नुसता तारा असतो, त्याचे काम होत नाही, हे ध्यानात ठेवावे.