उशिरा भरलेले विवरणपत्र आणि आईचा अडकलेला रिफंड : माझा अनुभव

आईच्या मुदत ठेवींवरील 4,10,000 रुपये व्याजातून बँकेने 2021-22 या आर्थिक वर्षात दहा टक्क्यांप्रमाणे 41,000 रुपये टीडीएस कापला होता. ज्येष्ठ नागरिकांना व्याजावर मिळणारी 50,000 रुपयांची वजावट आणि कलम 87ए खालील सवलत धरल्यास तिचा कर शून्य होता, म्हणजे ही सगळी रक्कम तिला परत मिळायला हवी होती. मात्र विवरणपत्र भरण्याची मुदत 31 जुलै 2022 ला आणि विलंबित विवरणपत्राची मुदत 31 डिसेंबर 2022 ला संपली. त्या सगळ्या काळात बाबा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले होते आणि जानेवारीत ते गेले. घरातील कराचे व्यवहार तेच पाहत असत. पुढच्या वर्षीचे विवरणपत्र भरताना कापलेल्या कराची नोंद दाखवणारा फॉर्म 26एएस उघडला, तेव्हा हा टीडीएस माझ्या नजरेस पडला.

ओळखीच्या एका करसल्लागारांनी अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू, भरण्यास सुचवले. हा सल्ला चुकीचा होता, कारण रिफंड मागण्यासाठी ते विवरणपत्र चालतच नाही. त्यासाठी एकच वाट उरते : प्राप्तिकर कायद्याच्या कलम 119(2)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज. तो मी ऑगस्ट 2023 मध्ये आईच्या सहीने प्रधान आयुक्तांच्या कार्यालयात दिला आणि प्रतीवर आवक शिक्का घेतला. हा शिक्का पुढे फार उपयोगी पडला, त्यामुळे तो घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. आयुक्त स्वतः लगेच निर्णय देत नाहीत; ते अर्ज आपल्या विभागातील कर निर्धारण अधिकाऱ्याकडे अहवालासाठी पाठवतात. आमचा अर्ज नेमका तिथेच रुतला. आयुक्तांच्या कार्यालयात विचारले की "अहवाल आलेला नाही" असे उत्तर मिळे, आणि अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारले की "फाईल अजून वरूनच आलेली नाही" असे सांगत. एकाच इमारतीतल्या दोन मजल्यांमध्ये हा कागद कुठे आहे, हे कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते आणि ते शोधावे असेही कोणाला वाटत नव्हते. सत्तरी गाठलेल्या बाईचे पैसे अशा उत्तरांवर अडून राहावेत, याचा राग मला आजही आहे.

अखेर फाईल सापडली, तेव्हा अधिकाऱ्यांनी विचारले, "मॅडम, आजारी तुमचे वडील होते, अर्ज आईंचा आहे. मग त्यांना विवरणपत्र भरायला काय अडचण होती?" प्रश्न ऐकताना जिव्हारी लागला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो गैरलागू नव्हता. "खरीखुरी अडचण" अर्जदाराची असावी लागते, आणि आमच्या अर्जात बाबांच्या आजाराचे वर्णन भरपूर असले तरी आईबद्दल जेमतेम एक ओळ होती. म्हणून मी तारखांचा तक्ता केला : बाबांना कधी दाखल केले, कधी घरी आणले, त्या काळात त्यांच्याजवळ आईच कशी होती, आणि जानेवारीनंतर अर्ज करेपर्यंतचे महिने कशात गेले. प्रत्येक नोंदीसमोर डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले किंवा मृत्यूचा दाखला जोडला आणि आईचे प्रतिज्ञापत्र दिले. मुदत संपेपर्यंतच्या काळाइतकेच मुदत संपल्यापासून अर्जापर्यंतच्या काळाचेही कारण द्यावे लागते, हे बहुतेक अर्जांत राहून जाते.

तरीही अहवाल हलेना. तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 2015 च्या परिपत्रकातील एक वाक्य कामी आले : अर्ज मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून शक्यतो सहा महिन्यांत तो निकाली काढावा. फेब्रुवारी 2024 अखेर ही मुदत उलटून गेल्यावर ते वाक्य आणि आवक शिक्क्याची तारीख देऊन मी स्मरणपत्र लिहिले, आणि सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तीच तक्रार नोंदवली. त्यानंतर अहवाल वर गेला आणि मंजुरीचा आदेश निघाला, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले.

आदेश म्हणजे रिफंड नव्हे. त्यानंतर प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर 2021-22 या आर्थिक वर्षाचे, म्हणजे 2022-23 या कर निर्धारण वर्षाचे, विवरणपत्र भरताना कलम म्हणून 119(2)(b) निवडावे लागते, आणि आदेशाचा डीआयएन, म्हणजे त्यावरील ओळख क्रमांक, व तारीख जशीच्या तशी टाकावी लागते. बँक खाते आधीच पडताळून ठेवावे. आमचे 41,000 रुपये आले, पण त्यावर व्याज आले नाही. करदात्याकडून झालेल्या विलंबाचा काळ कलम 244ए(2) व्याजाच्या हिशेबातून वगळते, त्यामुळे व्याजासाठी मी भांडले नाही.

आता अर्ज करणाऱ्यांनी एक बदल ध्यानात घ्यावा. आमच्या वेळी कर निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षे मिळत. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या अर्जांना ती मुदत पाच वर्षांची झाली आहे. एक कोटी रुपयांपर्यंतचे दावे प्रधान आयुक्त किंवा आयुक्तच निकाली काढतात.