आजीच्या दहाव्याला वाचलेलं

आज आजीचा दहावा झाला. आमच्याकडं माण तालुक्यात दहाव्याला पिंडदान, प्रवचन झालं की श्रद्धांजलीची भाषणं असतात. सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात, पाहुण्यांपैकी एखादे गुरुजी बोलतात. सगळे मनापासूनच बोलतात पण "कष्टाळू, प्रेमळ माऊली" याच्यापुढं कुणी जात नाही, आणि काल रात्री पप्पा म्हणाले की नातवंडातलं कुणीतरी बोला, तुम्हाला ती जास्त माहितीय. मग मी रात्री मोबाईलवरच लिहून काढलं आणि सकाळी वाचलं. वाचताना मधे दोनदा आवाज गेला, काही भाग तसाच राहिला, तो इथं पूर्ण लिहून ठेवतेय. ज्यांना जवळून ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी पण, आणि माझ्यासाठी पण.

---

आजीचं खरं वय आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. आधार कार्डावर 1 जानेवारी आहे, ती लिहिणाऱ्यानं टाकलेली. तिला विचारलं की ती म्हणायची, "बहात्तरच्या दुष्काळात तुजा बाप चालाय लागला हुता आन तुजी आत्या झोळीत हुती, त्यावरनं काढ." तिचं सगळं कॅलेंडर त्या दुष्काळाच्या अलीकडं आणि पलीकडं असंच होतं.

आजोबा तेव्हा मुंबईला, मस्जिद बंदरला माथाडी कामाला. इथं आजी, तिची सासू आणि दोन लेकरं. पाऊस आधीच्या वर्षीपण नीट नव्हता, बहात्तरला तर बाजरी पोटऱ्यातच करपली. बैल दावणीला ठेवायला वैरण नाही म्हणून विकले. आणि मग ओढ्यावर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती, हे मी नंतर वाचलं. आजीला तो आकडा सांगितला तर ती म्हणाली, "आसतील की. आमच्याच तळ्यावर मुंग्यावानी मानसं हुती."

त्या तलावाचा भराव तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. आपण त्यावरनं गाड्या नेतो. तो कसा झाला ते मला आजीनं सांगितलंय, आणि एकदा नाही, लहानपणी दर सुट्टीत सांगितलंय, म्हणून ते आज मी तिच्या वतीनं सांगते.

आधी भरावाच्या खाली आडवी चर खणली, पक्का मुरूम लागेपर्यंत. मग त्या चरीत नुसती काळी माती भरत आणायची, तीच वर भरावाच्या पोटात न्यायची, आणि मुरूम दोन्ही अंगानं. काळी माती पाणी अडवणार आणि मुरूम तिला धरून ठेवणार. पुरुष खणायचे आणि बायका वाहायच्या. डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ, त्यावर घमेलं, आणि बायकांची रांग. वर गेलं की घमेलं उपडं करायचं, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं आणि धुमसानं चोपायचं, मग त्यावर पुढचा थर. आजी मुकादमाकडनं एक गोष्ट शिकली होती ती तिनं मलापण शिकवली. ओली माती मुठीत घेऊन दाबायची. तिचा लाडू झाला पाहिजे आणि हाताला चिखल लागता कामा नये. लाडू फुटला तर पाणी कमी, ती माती नीट चोपली जाणार नाही. हाताला चिखल आला तर पाणी जास्त, ती धुमसाखाली नुसती हलत राहणार. मी सहा-सात वर्षांची असेन, अंगणात तिनं माझी मूठ तिच्या मुठीत धरून दाबली होती. तिच्या तळव्याला घट्टे होते, ते शेवटपर्यंत होते. दवाखान्यात तिचा हात धरून बसले होते तेव्हा मला तेच लागत होते बोटांना.

(इथं माझा आवाज गेला पहिल्यांदा.)

कामावर दुपारी सुकडी मिळायची. आजी स्वतःची अर्धी खायची आणि अर्धी पदराला बांधायची, पप्पांसाठी. पप्पांना त्या सुकडीची चव अजून आठवते असं ते म्हणतात, तेव्हा ते जेमतेम तीन वर्षांचे होते त्यामुळं खरंच आठवते का आईनं सांगून सांगून आठवायला लागली ते त्यांनाही सांगता येत नाही. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतनं आलेली लाल ज्वारी. त्याच्या पिठाला विरी म्हणजे चिकटपणा नसायचा, भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. आजी उकळतं पाणी घालून पीठ झाकून ठेवायची आणि मग मळायची, तेव्हा कुठं भाकरी उचलायला यायची. पुढं घरात ज्वारी-बाजरीची पोती आली तरी तिनं पीठ कधी जास्त दिवसाचं दळून आणलं नाही. आठवड्याचं दळण, आठवड्यात संपवायचं, कारण पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. आम्हाला वाटायचं म्हातारीला गिरणीत चकरा मारायची हौस आहे.

आता 2018 चं सांगते, कारण ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी डोळ्यांनी बघितलंय पण त्यामागचं सगळ्यांना माहीत नसेल. तळ्यात पाणी साठत होतं, दिवाळीपर्यंत दिसायचं, तरी खालच्या विहिरी संक्रांतीला तळ गाठायच्या. लोक म्हणायचे पाऊसच कमी. आजी म्हणायची, "पानी वर दिसतंय पर खाली उतरंना, बूड लिपलंय." तिचं बरोबर होतं. पाझर तलावाचं पाणी पाटानं कुठं जात नाही, ते तळातनं मुरून खालच्या विहिरींना जातं, त्यासाठीच तो बांधलेला असतो. इतक्या वर्षांत ओढ्यानं आणलेला बारीक गाळ तळाला बसला, मुरण्याच्या वाटा बुजल्या, आणि पाणी नुसतं उन्हात आटत राहिलं.

मग गाळ काढायचं ठरलं, पोकलेन आलं, ट्रॅक्टर लागले. गाळ शेतात टाकायला मिळतोय म्हटल्यावर सगळेच खूश. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी मशीन भरावाच्या पायथ्याला आलं कारण तिथं काळीभोर माती दिसली. आजी रोज काठी टेकत जाऊन बसायचीच तिथं. ती उठली आणि मशीनच्या पुढं जाऊन उभी राहिली. ऑपरेटर परगावचा पोरगा, त्यानं हॉर्न वाजवला, आजी हलेना. माझा भाऊ धावत गेला तर ती त्याला म्हणाली, "ह्यो गाळ न्हाई. ही आमी भरल्याली माती हाय."

तिनं काठीनं दोन्हीकडची माती उकरून दाखवली. गाळाची माती मैद्यासारखी बारीक, एक खडा नाही, वाळली की पापुद्रे सुटतात. भरावाची माती घट्ट, काठीनं निघता निघेना आणि तिच्यात मुरमाचे खडे. तिथनं पायथा उकरला असता तर काय झालं असतं ते नंतर आलेल्या इंजिनिअर साहेबांनी सांगितलं. तळं भरल्यावर पाण्यानं भरावाखालनं वाट काढली असती, आधी पलीकडच्या अंगाला ओल दिसली असती, मग गढूळ पाणी आलं असतं, आणि मातीपण वाहून येतेय म्हणजे भराव आतनं पोखरायला लागला. भरावापासून लांब राहूनच गाळ काढायचा असतो. साहेब तिला म्हणाले, "आजी, तुम्हाला कुणी सांगितलं?" तर म्हणाली, "सांगाय कशाला पायजे, टाकलीया न्हवं मी."

त्या पुढं ज्या वर्षी चांगला पाऊस झाला त्या वर्षी आमची विहीर मार्चपर्यंत टिकली.

मी पुण्यात नोकरीला लागल्यापासनं दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा, म्हणजे भावाच्या मोबाईलवरनं ती लावायला लावायची. तब्येतीचं विचारलं की "बरी हाय" एवढंच, आणि मग लगेच तळ्याचं. भरावाच्या पाण्याकडच्या अंगाला रचलेल्या पिचिंगच्या दगडांवरनं ती पाणी मोजायची. "दोन दगड चढलंय", "कालपास्नं एक दगड उतरलंय." मला ऑफिसचं टेन्शन असायचं, कधी ट्रॅफिकमधे असायचे, पण ते दगड ऐकले की मला आपला ओढा, भराव, बाभळी सगळं समोर दिसायचं. गेल्या रविवारी संध्याकाळी मी इथंच होते, घरात माणसं भरलेली, आणि तरी साडेसहाला माझा हात मोबाईलकडं गेला. मला माहीत होतं तिचा फोन येणार नाही. तरी मी स्क्रीन बघितली.

तिला जाऊन आज दहा दिवस झाले आणि मला अजून "आजी होती" म्हणता येत नाही. आजी आहे असंच तोंडात येतं. पप्पांनी रक्षा नदीत न सोडता तळ्याखालच्या आमच्या वावरात टाकली आणि तिथं चिंच लावली. आत्याला ते सुरुवातीला पटत नव्हतं, पण मग तिनंच पहिली कळशी घातली.

---

एवढंच वाचलं मी. कावळा लगेच शिवला, त्यामुळं सगळ्यांना बरं वाटलं.

सगळं झाल्यावर आमच्या वरल्या आळीतल्या एक म्हाताऱ्या आज्जी माझ्याजवळ आल्या. आजीच्या बरोबरीच्या, तळ्याच्या कामावर एकाच रांगेत असायच्या. मला वाटलं डोळे पुसतील, जवळ घेतील. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "सगळं सांगितलंस, आन मस्टरचं न्हाई सांगितलंस?" मला माहीतच नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं, पप्पांना पण नाही.

झालं असं होतं की त्या आज्जींचा नवरा त्याच वर्षी वारला होता, पदरात तान्हं पोर. कामावरच्या कारकुनानं त्यांचं नाव मस्टरमधून काढलं, पोराला पाजायला बसते, काम करत नाही म्हणून. आजीला कळलं तशी ती घमेलं खाली ठेवून बसली. रांगेत पुढची बाई थांबली की मागचं सगळं थांबतं, त्यामुळं मागच्या बायका पण बसल्या. मुकादम ओरडला, कारकून ओरडला. आजी म्हणाली, हिचं नाव लिव्हा, हिची घमेली मी टाकते. दुपारपर्यंत माती हलली नाही. शेवटी नाव लिहिलं. आणि पोरगं रांगायला लागेपर्यंत आजी दिवसाच्या शेवटी त्यांच्या वाटणीची घमेली खरंच टाकायची, स्वतःची झाल्यावर.

"आनि ते पोरगं?" मी विचारलं.

त्यांनी मांडवाकडं बोट दाखवलं. सकाळपासनं सगळ्यांना पाणी देत फिरणारे, पन्नाशी उलटलेले, पांढऱ्या टोपीतले आमचे काका, जे माझ्या आठवणीत आमच्या प्रत्येक कार्याला सगळ्यात आधी येतात आणि ज्यांच्याशी आमचं नातं नक्की काय ते मी कधी विचारलंच नव्हतं. पप्पा उठले आणि त्यांच्याकडं गेले, काही बोलले नाहीत, त्यांच्या हातातली कळशी घेतली आणि त्यांना जेवायला बसवलं.