पुस्तक उघडं असताना काय विचारायचं?

"मॅडम, बीएडच्या परीक्षेत पुस्तक उघडायला दिलंत, तर पोरं उत्तरं उतरवूनच काढणार ना? आणि मग गुण कशाच्या आधारावर देता?"

पहिल्या वर्षी त्यांनी उतरवूनच काढली, आणि चूक माझी होती. 'रचनावादाची तत्त्वे सांगून वर्गातील उपयोजन स्पष्ट करा' असा प्रश्न मी घातला होता. प्रश्नात 'उपयोजन' शब्द होता, पण ते उपयोजनही पुस्तकात छापलेलंच होतं. निम्म्या उत्तरपत्रिकांत तीच वाक्यं, त्याच क्रमाने आली. तेव्हापासून प्रश्न काढला की मी स्वतः पुस्तक घेऊन बसते आणि उत्तर एखाद्या पानावर सापडतं का ते पाहते. सापडलं, तर तो प्रश्न बाद.

पुस्तकात न सापडणारी गोष्ट म्हणजे एखाद्या मुलाची वही. म्हणून गणित अध्यापनाच्या अंतर्गत परीक्षेत मी सहावीतल्या मुलीची म्हणून तीन उत्तरं देते. पहिलं, 0.45 ही संख्या 0.6 पेक्षा मोठी. दुसरं, 3.4 + 2.17 = 5.21. तिसरं, 0.72 ही 0.4 पेक्षा मोठी. तिसरं उत्तर बरोबर आहे, आणि ते मी मुद्दाम ठेवलेलं आहे. मग तीन गोष्टी विचारते: ही मुलगी काय विचार करते आहे ते पुराव्यासह लिहा (3 गुण), तुमचा अंदाज पडताळणारं एक नवं उदाहरण द्या आणि ती त्याचं काय उत्तर देईल ते सांगा (3 गुण), पुढच्या दहा मिनिटांत तिच्यासोबत काय कराल ते लिहा (4 गुण).

दुसरं उत्तर पाहून बरेच छात्राध्यापक लिहितात, 'तिने दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह मांडलं नाही.' वाटतं खरं तसं. पण तिने आकडे उजव्या कडेला जुळवून मांडले असते, तर उत्तर 2.51 आलं असतं. 5.21 येण्यासाठी 3 आणि 2 वेगळे, 4 आणि 17 वेगळे मिळवावे लागतात. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र पूर्ण संख्या आहेत, असं ती धरते. म्हणूनच तिला 45 हे 6 पेक्षा मोठे वाटतात, आणि म्हणूनच 0.72 चं उत्तर चुकीच्या विचारातूनही बरोबर येतं. आपण '0.45' हे 'शून्य पॉइंट पंचेचाळीस' असं वाचतो, त्यानेही ही समजूत पक्की होते.

गुणदानाचे निकष मी प्रश्नपत्रिकेवरच छापते, मात्र उदाहरणाचं उत्तर न फोडता. परीक्षकांसाठीच्या कागदावर ते उलगडून लिहिलेले असतात. 'पूर्ण संख्यांचा नियम दशांशाला लावते' एवढंच लिहिलं तर 1, कारण हे वाक्य पुस्तकात मिळतं. ते पहिल्या दोन उत्तरांशी जोडून दाखवलं तर 2. तिसरं उत्तर बरोबर का आलं हेही सांगितलं तर 3. हा तपशील आधी नव्हता. एकाच उत्तराला मी 1 आणि माझ्या सहकाऱ्यांनी 3 गुण दिले, तेव्हा तो लिहावा लागला. आता आम्ही दोघं पाच उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासतो, फरक पडेल तिथे निकषाची भाषा बदलतो आणि मगच बाकीचा गठ्ठा हातात घेतो.

दुसऱ्या भागात कोण वर्गात उभं राहू शकेल ते मला सर्वांत स्पष्ट दिसतं. '0.8 मोठी की 0.3' हे उदाहरण चालत नाही. समजूत चुकीची असली तरी मुलगी ते बरोबरच सोडवेल. त्याला 1 गुण. '5.7 + 1.6' चांगलं, कारण अंदाज खरा असेल तर ती 6.13 लिहील. एकाने विचारलं होतं, '0.6 आणि 0.60 मधली मोठी कोणती?' मुलगी 0.60 म्हणेल, असंही त्याने लिहिलं होतं. त्याला मी पूर्ण 3 दिले. ज्याचं निदान चुकलं पण उदाहरण त्या निदानाला नेमकं पडताळतं, त्याचे या भागाचे गुण कापत नाही. एका चुकीची शिक्षा दोनदा कशाला?

तिसऱ्या भागात रुपये-पैशांचं उदाहरण हमखास येतं. 3.40 रुपये म्हणजे 3 रुपये 40 पैसे एवढंच त्यात असेल, तर ते जपून तपासावं लागतं, कारण त्याने दोन सुट्या संख्यांची समजूत उलट घट्ट होऊ शकते. 3.4 रुपये म्हणजे 3 रुपये 4 पैसे का नव्हेत हा प्रश्न कृतीत आला, तर ती कृती उपयोगी. शंभर चौकटींच्या कागदावर 0.6 आणि 0.45 रंगवून घेणं मला जास्त भरवशाचं वाटतं: साठ चौकटी आणि पंचेचाळीस चौकटी समोरासमोर दिसतात.

वेळेचा हिशोबही मला उशिरा कळला. दोन तासांत असे सहा प्रश्न दिले होते आणि सगळे पानं उलटत बसले. आता दीड तासात तीनच देते, आणि कोणती पुस्तकं, कोणत्या वह्या चालतील ते आठवडाभर आधी फलकावर लावते.