आमची वाटचाल : रेशन कार्डाच्या फोटोवरून कुटुंबाचा तक्ता

२०१६ ला कराडमध्ये झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर टाकून आम्ही डेटा एंट्री सुरू केली. पहिली तीन वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंय ते २०१९ च्या कामाचं, कारण त्यात धंदा बुडायचाच राहिला होता आणि गावात अजून काही लोक म्हणतात की ह्यांना वाचताच येत नव्हतं.

काम असं होतं, एका संस्थेची सर्वेक्षणाची पोरं गावोगाव रेशन कार्डांचे फोटो काढायची आणि आम्ही माणशी एक ओळ धरून नाव, वय, प्रमुखाशी नातं असा तक्ता भरायचा. जे दिसतं ते उतरवलं, चार हजार कार्डं पाठवून दिली. महिन्याभरात सगळं परत. बिल अडकलं, तीन महिने पोरांचे पगार बायकोच्या भिशीतून दिले. कारण काय, तर आमच्या तक्त्यात एक वर्षाचा असलेला नातू सर्वेक्षणात पाचवीत शिकत होता! उरलेलं काम निम्म्या रेटने दुसऱ्या एकाला गेलं. त्यानेही कार्डावरचंच वय उतरवलं, पण त्याचं कोणी तपासलं नाही. हे मला आजही सलतं.

तेव्हा आबा धावून आले. तहसीलच्या पुरवठा शाखेतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले, दुकानात झेरॉक्सला यायचे. त्या नातवाचं कार्ड त्यांनी स्क्रीनवर मोठं करून बघितलं आणि म्हणाले, "अरे, ही माणसं एका दिवशी कार्डावर चढली नाहीत. शाई बघ, शिक्का बघ."

कार्ड २००३ चं होतं. बाप ४५ स्वतः, बायको ४० पत्नी, १८ चा मुलगा, १५ ची मुलगी, ६५ ची आई. मुलीवर आडवी रेघ, शेजारी बारीक अक्षरात 'लग्न, नाव कमी'. खाली वेगळ्या शाईत सून २१, शिक्का २००९ चा, आणि नातू १, शिक्का २०१० चा. म्हणजे २०१९ ला बाप ६१, सून ३१, नातू १०. प्रत्येक ओळीचं वय ती ओळ चढली त्या वर्षाचं असतं, कार्डाच्या पहिल्या पानावरची तारीख सगळ्यांना लावून चालत नाही.

वयापेक्षा नात्याचा घोळ मोठा होता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार घरातली सगळ्यात मोठी सज्ञान बाई कुटुंबप्रमुख धरतात, म्हणून त्या कार्डावर वरती आजीचं, म्हणजे बापाच्या आईचं, नाव शिक्क्यासह आलं, पण खालची नाती कोणी बदललीच नाहीत. आम्ही प्रमुख म्हणून आजी घेतली आणि नाती तशीच ठेवली, त्यामुळे तक्त्यात आजीला 'पत्नी' लागली आणि तिचा नातू तिचा मुलगा झाला. आबांनी सगळी नाती आजीपासून परत लावली. बाप झाला मुलगा, त्याची बायको सून, पोरगा नातू, २००९ ची सून नातसून आणि पाचवीतला तो पणतू.

मग आम्ही चारही हजार कार्डं परत उघडली. वय आणि नातं, दोन्हीचे दोन-दोन कॉलम केले, एक कार्डावर आहे तसं आणि एक काढलेलं, पहिल्याला हात लावायचा नाही. एक्सेलमध्ये लिहिलेलं वय F ला, नोंदीचं वर्ष G ला:

```
=IF(G2="","",2019-G2+F2)
```

ह्यात एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तो मान्य. शिक्का पुसट असेल तर वर्ष रिकामं ठेवायचं, अंदाज टाकायचा नाही. आई आणि मुलात १५ पेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त अंतर दिसलं, किंवा सून आहे पण मुलाची ओळच नाही, तर कार्ड लाल करून आबांच्या टेबलावर. त्यांचं पितळी कडीचं भिंग होतं, फोटो प्रिंट काढून त्याखाली बघायचे. सगळ्यात जास्त चुका एक आणि नऊच्या सापडल्या, कारण मराठी १ घाईत इंग्रजी नऊसारखाच दिसतो आणि एकाच कार्डावर दोन्ही लिपीतले आकडे असतात. १९ ची सून आमच्याकडे ९९ ची झाली होती.

फोटो काढणाऱ्यांनो, ऐका. कार्ड प्लास्टिकच्या कव्हरातून बाहेर काढा, फ्लॅश बंद ठेवा, खिडकीपाशी उजेडात धरा. घडी नेमकी वयाच्या कॉलमवर येते, ती हाताने सपाट करा. आणि नावं वाढवल्या-कमी केल्याच्या नोंदींचं पान सोडू नका, पोरं तेच सोडतात आणि शिक्के तिथेच असतात.

पाच महिन्यांनी बिल निघालं, थोडं कापूनच. त्या संस्थेने पुढचं काम आम्हालाच दिलं. आबा आता रोज येत नाहीत, गुरुवारी येतात, तोवर लाल कार्डांच्या प्रिंट त्यांच्या टेबलावर भिंगाखाली ठेवलेल्या असतात.