दुखत नव्हतं म्हणून ते सोमवारपर्यंत थांबणार होते

शनिवार दुपार, दीड वाजलेला, ओपीडी संपत आलेली आणि मी रिसेप्शनच्या मागे उभी राहून फायलींवर सह्या करत होते. फोन वाजला. मंगळवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एका काकांची मुलगी होती, ड्रॉप्सची बाटली संपत आलीये, तीच परत आणायची का एवढंच विचारायचं होतं तिला. आमच्या ताईंनी हो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "बाबांना कालपासून जरा धुरकट दिसतंय, पण दुखत वगैरे अजिबात नाहीये, सोमवारी तपासणी आहेच तेव्हा दाखवतो."

मी हात पुढे करून फोन घेतला. म्हटलं, बाबांना चांगला डोळा तळहाताने झाकायला सांगा आणि भिंतीवरचं घड्याळ वाचायला लावा. पलीकडे थोडी शांतता, मग काकांचाच आवाज आला, "अगं, घड्याळ आहे कुठे?"

बुधवारी पट्टी काढली तेव्हा याच डोळ्याने त्यांनी 6/9 पर्यंतच्या ओळी वाचल्या होत्या, म्हणजे जवळजवळ पूर्ण तक्ता. मी म्हटलं, ड्रॉप्स आणि फाईल घ्या आणि आत्ता निघा, मी थांबलेय. मुलीला वाटलं मी उगाच घाबरवतेय. "डॉक्टर, दुखत नाहीये हो त्यांना," तिने परत सांगितलं.

याच गोष्टीने लोक फसतात. ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला, ज्याला आम्ही एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतो, तर तो भयंकर दुखणारच अशी सगळ्यांची समजूत असते. बऱ्याच जणांना दुखतंही. पण 1995 साली याच आजारावर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, 420 पेशंटचा, त्यात साधारण चारातल्या एकाला वेदना नव्हत्याच, दिसणं कमी झालंय ही तक्रार मात्र जवळपास सगळ्यांची होती. त्यात ऑपरेशननंतर स्टिरॉइडचे ड्रॉप्स चालू असतात, ते लाली आणि दुखणं दोन्ही थोडं दाबून ठेवतात.

काका आले पावणेतीनला. डोळा लाल होता पण फार नाही, वरची पापणी किंचित सुजलेली, विचारलं तर म्हणाले "जड वाटतंय जरा". तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर दिसेना, बोटं मोजता येईनात, डोळ्यासमोर हात हलवला तर हलतोय एवढं कळत होतं. स्लिट लॅम्पखाली बघितलं आणि बुबुळाच्या मागे तळाशी ती पांढरी सपाट रेघ दिसली. ग्लासाच्या तळाला साका बसावा तसा पू खाली बसलेला असतो, वरची कड अगदी सरळ, हायपोपियॉन म्हणतात त्याला, यांचा जेमतेम एक मिलिमीटर होता. बाहुलीतून प्रकाश टाकला की पडद्यावरून जी लालसर चमक परत येते ती नव्हतीच, नुसता राखाडी अंधार. सोनोग्राफीत मागच्या जेलमध्येही गढूळपणा दिसला, पडदा मात्र जागेवर होता.

आता घाई कशाची? तर डोळ्याच्या मागच्या भागात व्हिट्रियस नावाचा जेल असतो, त्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे शरीराचे सैनिक तिथे उशिरा पोचतात आणि जंतूंना वाढायला आयती जागा मिळते. त्याला लागूनच पडदा. जंतूंची विषं आणि आपलीच सूज मिळून पडद्याच्या पेशी मारतात आणि त्या पेशी परत येत नाहीत. वरून टाकलेले ड्रॉप्स त्या जेलपर्यंत पुरेसे पोचत नाहीत, पोटातल्या गोळ्यांवरही विसंबता येत नाही. म्हणून औषध थेट आत टोचावं लागतं आणि तेही त्याच दिवशी.

काकांना टेबलवर घेतलं. पोव्हिडोन आयोडीनने डोळा धुतला, भूल दिली, आधी सुईने थोडा जेल ओढून लॅबला पाठवला, मग व्हँकोमायसिन 1 मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडीम 2.25 मिलिग्रॅम, प्रत्येकी 0.1 मिली, वेगवेगळ्या सिरिंजमधून, कारण एकत्र केली तर साका धरतो. ही औषधं पातळ करताना माझ्यासमोर सिस्टर आकडे मोठ्याने म्हणतात आणि मी परत म्हणते, दशांश चिन्ह एक घर सरकलं तर आपणच पडदा जाळू. नुसता उजेड कळण्याइतकीच नजर उरली असती तर लगेच व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे तो जेलच ऑपरेशनने काढावा लागला असता. हात हलताना दिसत होता म्हणून आधी इंजेक्शनवर भागलं.

त्या रात्री मला सारख्या एक मावशी आठवत होत्या, काही वर्षांपूर्वीच्या. त्यांना मोतीबिंदू नव्हता, डायबेटिसमुळे पडद्याला आलेल्या सुजेसाठी डोळ्यात इंजेक्शन दिलं होतं. इंजेक्शनच्या दिवशी आयोडीनमुळे खुपतं, एखादा काळा ठिपका तरंगतो, पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग पडतो, हे सगळं आपलं आपण कमी होत जातं. त्यांचंही झालं होतं. तिसऱ्या दिवशी मात्र नव्याने लाली, उजेड सहन होईना आणि समोर धुकं. एका ठिकाणी दाखवलं तर डोळे आलेत म्हणून ड्रॉप्स मिळाले, डोळ्यात इंजेक्शन घेतलंय हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. डोळे आल्यावर चिकटा येतो, नजर अशी जात नाही. आमच्याकडे आल्या तेव्हा चार दिवस गेले होते, लॅबमध्ये स्ट्रेप्टोकोकस वाढला, तो फार वाईट जंतू, व्हिट्रेक्टॉमी करूनही शेवटी टॉर्च लावलाय की नाही एवढंच त्यांना कळायचं.

काकांच्या नमुन्यात स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस निघाला, पापण्यांवर आणि कातडीवर आपला आपणच बाळगतो तो, त्यातल्या त्यात सौम्य. दोन दिवसांनी पुवाची रेघ गेली होती, आठवड्याने मोठी अक्षरं दिसायला लागली, तीन महिन्यांनी 6/12. हे नशीबही आहे, हे मान्य करायला हवं, तोच शनिवार स्ट्रेप्टोकोकसचा असता तर त्याच दिवशी येऊनही इतकं हाती लागलं नसतं कदाचित.

सोमवारी मी आमचा डिस्चार्जचा कागद काढून वाचला. पहिली ओळ होती, "खूप दुखल्यास त्वरित संपर्क साधावा." म्हणजे त्या मुलीने आमचंच ऐकलं होतं की! आता पहिली ओळ अशी आहे: रोज सकाळी चांगला डोळा झाकून तीच एक वस्तू बघा, कालच्यापेक्षा आज कमी दिसलं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी या, रात्र असो वा सुट्टी. लाली वाढणं, पापणी सुजणं, दुखणं, उजेड सहन न होणं हे त्याखाली. आणि दुसरीकडे कुठे दाखवावं लागलं तर तोंड उघडताच ऑपरेशनची किंवा इंजेक्शनची तारीख सांगा, हेही लिहिलंय. ताईंच्या फोनजवळही एक चिठ्ठी आहे, मोतीबिंदू किंवा डोळ्यातलं इंजेक्शन असलेला कुठलाही फोन, कशाहीसाठी असो, ठेवण्याआधी विचारायचं, कालच्यापेक्षा कसं दिसतंय?

काकांना दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन करायचंय. मीच थांबवलंय सध्या, त्यांच्या पापण्यांच्या कडांना कोंड्यासारखे पापुद्रे होते, पहिल्या वेळी ते आमच्याकडून नजरेआड झाले होते. आता रोज गरम शेक आणि पापण्या साफ करणं चालू आहे, पुढच्या महिन्यात परत बघू.